रॉ फोटो आणि अल्बमच्या कामासाठी डेस्कटॉप: पैसे कुठे आधी, कुठे नंतर

प्रश्न: "सांगलीजवळ लग्नाचे फोटो काढतो. दोन कॅमेरे, दोन्ही २४ मेगापिक्सेल, सगळं रॉमध्ये. लाइटरूममध्ये करेक्शन, मग फोटोशॉपमध्ये १२×३६ चे अल्बम. सध्याचा लॅपटॉप फार अडकतो. शिवाय लॅबमधून अल्बम काळपट येतो, चेहरे लालसर दिसतात. बजेट दीड लाख. दुकानदाराचं कोटेशन: १६ जीबी रॅम, १२ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबी एसएसडी, २ टीबी हार्ड डिस्क, २४ इंची १६५ हर्ट्झचा कर्व्ह मॉनिटर. घेऊ का? चांगला मॉनिटर पुढच्या सीझनला घेतला तर चालेल?"

उत्तर:

हे कोटेशन घेऊ नका. त्यातला प्रत्येक भाग आपल्या जागी ठीक आहे, पण ही जुळणी गेम खेळणाऱ्यासाठी केलेली आहे. आणि मॉनिटर पुढच्या सीझनवर ढकलू नका. माझ्या मते तुमची पहिली खरेदी तीच असायला हवी.

तुमच्या दोन तक्रारींचा एकमेकींशी संबंध नाही, हे आधी बघा. लॅपटॉप अडकतो तो मशीनच्या ताकदीचा प्रश्न. अल्बम काळपट आणि लालसर येतो तो स्क्रीनचा. कितीही महाग प्रोसेसर घेतलात तरी दुसरी तक्रार तसूभर हलणार नाही. हळू मशीनमुळे तुमचा वेळ जातो. चुकीच्या स्क्रीनवर मात्र अख्ख्या सीझनचं करेक्शन चुकीचं होतं, आणि ते अल्बम लोकांच्या घरी पोचल्यावर परत घेता येत नाहीत. म्हणून माझ्याकडे कुणी मशीन ठरवायला आलं की मी मॉनिटरचे पैसे आधी बाजूला काढायला सांगतो आणि उरलेल्यात मशीन बसवतो.

आता काळपटपणाचं कारण. स्वस्त लॅपटॉपचा स्क्रीन पूर्ण ब्राइटनेसला साधारण २५० कँडेला प्रति चौरस मीटर उजेड देतो, डेस्कटॉपचे मॉनिटर पेटीतून काढल्यावर बरेचदा ३००च्या पुढे असतात. छापलेला कागद मात्र स्वतः उजळत नाही, खोलीतला जेवढा उजेड त्याच्यावर पडेल तेवढाच तो दिसतो. घरातल्या नेहमीच्या उजेडात कागदाचा पांढरा साधारण १०० कँडेलाच्या आसपासच्या स्क्रीनशी जुळतो. तुम्ही रात्री, खोलीत एकच ट्यूब लावून, २५०च्या स्क्रीनवर बसलात की फोटो लख्ख दिसतो. हात आपोआप एक्स्पोजर थोडं खाली ओढतो, शॅडो उचलायची गरज वाटत नाही. फाइलच काळपट तयार होते आणि लॅब ती प्रामाणिकपणे छापते.

लालसर चेहऱ्यांचं मूळही बहुधा तिथेच आहे. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ तो पॅनल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपट्ट्यातले साधारण साठ-पासष्ट टक्केच रंग दाखवू शकतो. लाल, केशरी, हळदीचा पिवळा, शालूचा हिरवा, सगळे त्याच्यावर धुतल्यासारखे दिसतात. त्यात पांढरा निळसर झुकलेला असेल तर त्वचा फिकट आणि निर्जीव वाटते. मग आपण वॉर्म करतो, व्हायब्रन्स वाढवतो. स्क्रीनवर चेहरा छान दिसू लागेपर्यंत फाइलमध्ये तो लाल झालेला असतो.

एक परीक्षा आजच करून बघा. लॅबमधून आलेल्या अल्बमचं एक पान घ्या, त्याच पानाची फाइल तुमच्या लॅपटॉपवर उघडा आणि तीच फाइल दोन-तीन चांगल्या फोनवर बघा, ब्राइटनेस मध्यम ठेवून. फोनवर ती अल्बमसारखीच लालसर दिसली तर दोष फाइलमध्ये, म्हणजे तुमच्या स्क्रीनमध्ये आहे. फोनवर ती लॅपटॉपसारखी नितळ दिसली आणि फक्त छापील पान वेगळं असेल, तर लॅबशी बोलायला हवं.

कोटेशनमधला कर्व्ह मॉनिटर या कामाला का नको? २४ इंची स्वस्त कर्व्ह मॉनिटर जवळपास सगळे व्हीए पॅनलचे असतात. त्यांचा काळा गडद असतो, सिनेमाला उत्तम. पण मान थोडी हलली तरी गडद भागांची छटा बदलते. नवरदेवाच्या काळ्या कोटातलं डिटेल समोरून बघताना एक आणि बाजूने बघताना दुसरं दिसतं. अशा स्क्रीनवर शॅडो ठरवता येत नाही. आयपीएस पॅनल घ्या. १६५ हर्ट्झचा फोटोच्या कामाला काहीही उपयोग नाही, त्याचे पैसे रंगात घाला.

माझी शिफारस २७ इंची, २५६०×१४४० रिझोल्यूशन, आयपीएस, पूर्ण एसआरजीबी आणि कारखान्यातून कॅलिब्रेट होऊन आलेला मॉनिटर. असुसच्या प्रोआर्ट मालिकेत असे मॉनिटर आहेत, डेल आणि बेनक्यूकडेही. ४के हवाच असं नाही. त्यात सव्वादोन पट पिक्सेल रंगवावे लागतात, त्यामुळे लाइटरूमच्या डेव्हलपमध्ये स्लायडर सरकवताना मशीनवर जास्त ताण येतो, आणि तो ताण सोसायला पुन्हा मोठं कार्ड लागतं.

त्याहून रुंद रंगपट्ट्याचा अ‍ॅडोबी आरजीबी मॉनिटर घ्यावा का, हे मात्र तुमच्या कामावर अवलंबून आहे. तुम्ही स्वतः चांगल्या इंकजेट प्रिंटरवर आर्ट पेपर छापत असता, तर मी हो म्हटलं असतं. लग्नाच्या अल्बमच्या लॅब बहुतेक ठिकाणी एसआरजीबी जेपेगच मागतात, आणि गिऱ्हाईक उरलेले फोटो फोनवर बघतं. जे रंग लॅबपर्यंत पोचणारच नाहीत ते स्क्रीनवर दिसून फायदा नाही. उलट रुंद रंगपट्ट्याच्या मॉनिटरवर विंडोजमधल्या ज्या प्रोग्रॅमना कलर मॅनेजमेंट कळत नाही, त्यांत सगळं भडक दिसतं, आणि गिऱ्हाईक शेजारी बसून फोटो निवडत असेल तर घोटाळा होतो. म्हणून तुमच्यासाठी पूर्ण एसआरजीबी पुरेसं आहे.

पण मॉनिटर एकटा घेऊ नका, सोबत स्क्रीनचा रंग आणि उजेड मोजून जुळवणारा कॅलिब्रेटर घ्या. डेटाकलरचा स्पायडर किंवा कॅलिब्राइटचा, त्यांच्या सुरुवातीच्या मॉडेलपैकी एखादा पुरे. आसपासचे दोन-तीन फोटोग्राफर मिळून एक घेतलात तरी चालतं, कारण तो महिन्यातून एकदाच लागतो. मॉनिटर कारखान्यातून कितीही अचूक आला तरी त्याचा ब्राइटनेस तुमच्या खोलीला जुळवलेला नसतो, आणि वापराने त्याचा उजेड आणि पांढरा हळूहळू सरकतो. माझा अनुभव असा, की साधा मॉनिटर आणि कॅलिब्रेटर ही जोडी महागड्या पण न मोजलेल्या मॉनिटरपेक्षा जास्त विश्वासाची असते.

कॅलिब्रेट करताना आधी मॉनिटर फॅक्टरी रिसेट करा. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि ब्लू लाइटचे मोड बंद करा, विंडोजमधलं Night light आणि HDR बंद करा. स्क्रीन अर्धा तास चालू राहू द्या, मग मोजा. व्हाइट पॉइंट डी६५, गॅमा २.२ आणि ब्राइटनेस १०० कँडेला. खोलीत दिवसा भरपूर उजेड येत असेल तर १२० ठेवा, अंधाऱ्या खोलीत ८०-९०. पहिले दोन दिवस स्क्रीन मेल्यासारखी वाटेल. ब्राइटनेसच्या बटणाला हात लावू नका, डोळे सरावतात. खोलीत रंगीत एलईडी पट्ट्या नकोत आणि स्क्रीनवर थेट ऊन नको.

आता मशीन. मेमरी किती लागेल हे फोटो किती आहेत यावर ठरत नाही, एका वेळी उघडलेली सर्वांत मोठी फाइल केवढी आहे यावर ठरतं. लाइटरूम हजारो फोटो एकदम मेमरीत घेत नाही. २४ मेगापिक्सेलचा एक रॉ डिस्कवर २५-३० एमबी असतो, पण उघडल्यावर प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन रंग आणि प्रत्येकाला दोन बाइट, म्हणजे सुमारे १४४ एमबी होतात. तेवढ्याने १६ जीबी भरत नाही.

तुमची मेमरी खातो तो अल्बम. १२×३६ चं एक शीट ३०० डीपीआयला म्हणजे ३६०० गुणिले १०८०० पिक्सेल, जवळपास ३ कोटी ८९ लाख. आठ बिटमध्ये पूर्ण शीट व्यापणारा एक लेअर सुमारे ११७ एमबी, सोळा बिटमध्ये त्याच्या दुप्पट. टेम्प्लेटची बॅकग्राउंड, टेक्श्चर, मास्क, वर दहा-बारा फोटो, त्यातले काही स्मार्ट ऑब्जेक्ट, आणि मागे हिस्टरी. एक शीट दीड-दोन जीबी सहज घेतं. तुम्ही चार शीट उघडी ठेवता, मागे लाइटरूम चालू असतं, ब्राउझरमध्ये व्हॉट्सअ‍ॅप असतं. १६ जीबी तिथे संपतात आणि फोटोशॉप उरलेलं डिस्कवर लिहायला लागतं. तेच तुमचं अडकणं.

अंदाजावर जाऊ नका, सध्याच्या लॅपटॉपवरच मोजा. नेहमीसारखं काम उघडा, अर्धा तास करा. मग टास्क मॅनेजरमध्ये Performance, त्यात Memory बघा. तिथे Committed खाली दोन आकडे दिसतात, त्यातला पहिला म्हणजे तुमच्या कामाची खरी मागणी. समजा लॅपटॉपमध्ये १६ जीबी आहे आणि तो आकडा २२ आला, तर ३२ जीबीत तुमचं काम आरामात बसेल. ३०च्या पुढे गेला तर ६४ घ्या. फोटोशॉपमध्ये खालच्या पट्टीवरच्या बाणातून Efficiency निवडा. तो आकडा १०० टक्क्यांवर असेल तर मेमरी पुरते आहे. काम करताना तो सतत ९५च्या खाली उतरत असेल तर कमी पडते आहे.

तुम्ही सांगितलेल्या कामाला ३२ जीबी पुरेल असं मला वाटतं. ती १६च्या दोन पट्ट्यांत घ्या, म्हणजे दोन्ही चॅनल चालतात. मात्र 'आत्ता ३२, पुढे आणखी दोन पट्ट्या टाकून ६४' हा बेत डीडीआर५मध्ये तितका सरळ नाही. चार पट्ट्या लावल्या की बहुतेक बोर्डांवर मेमरीचा वेग खाली आणावा लागतो. त्यामुळे मोजणीत तुमचा आकडा ३०च्या जवळपास आला, तर आजच ३२च्या दोन पट्ट्या घेतलेल्या बऱ्या. मेमरीचे भाव खूप वरखाली होतात, खरेदीच्या आठवड्यात दोन-तीन दुकानांत विचारा.

साठवणुकीत दुकानदाराचा हिशोब सर्वांत जास्त चुकला आहे. तुमच्या दोन कॅमेऱ्यांचे मिळून एका लग्नाचे ३००० फ्रेम धरू. २८ एमबीप्रमाणे ते ८४ जीबी झाले. ५१२ जीबीच्या एसएसडीत विंडोज, अ‍ॅडोबीचे प्रोग्रॅम, लाइटरूमचे प्रिव्ह्यू आणि फोटोशॉपची स्क्रॅच जागा सोडली तर तीन लग्नं जेमतेम मावतात. एसएसडी काठोकाठ भरली की तिचा लिहिण्याचा वेग पडतो, म्हणून पंधरा-वीस टक्के रिकामी ठेवावी लागते. सीझनला २५ लग्नं केलीत तर २.१ टीबी होतात, म्हणजे २ टीबीची हार्ड डिस्क पहिल्याच सीझनला भरणार. आणि त्या डेटाची दुसरी प्रत कुठेच नाही.

म्हणून २ टीबीची एक एनव्हीएमई एसएसडी घ्या. विंडोज, कॅटलॉग, कॅश आणि चालू लग्नं सगळं तिच्यावर. अल्बम हातावेगळा झाला की ते लग्न हार्ड डिस्कवर हलवा. हलवायचं ते लाइटरूमच्या आतून, फोल्डर ओढून, नाहीतर कॅटलॉगला फाइल सापडत नाहीत. एनव्हीएमईमध्ये सर्वांत वेगवान मॉडेलच्या मागे लागू नका. सेकंदाला ३५०० एमबी वाचणाऱ्या ड्राइव्हवरून २८ एमबीची फाइल सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत वाचून होते, ७००० एमबी वाचणाऱ्या ड्राइव्हवर त्याच्या निम्म्यात. पुढे ती रॉ उलगडायला प्रोसेसरला जो वेळ लागतो, त्यापुढे हा फरक जाणवतच नाही. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आलात की फरक जाणवतो, एका एसएसडीवरून दुसऱ्या एसएसडीवर गेल्याने नाही.

हार्ड डिस्क ४ टीबीच्या दोन घ्या, एक कॅबिनेटमध्ये आणि एक बाहेरची. बाहेरचीवर दर लग्नानंतर प्रत करा आणि ती स्टुडिओत न ठेवता घरी ठेवा. दोन्ही डिस्क कॅबिनेटमध्येच बसवून आरशासारखी प्रत ठेवणारं रेड लावलं तर एक डिस्क बिघडल्यावर काम चालू राहतं, पण चुकून डिलीट झालेली फाइल दोन्हीकडून एकदमच जाते. विजेचा झटका किंवा चोरी झाली तरी दोन्ही एकत्र जातात. त्याला बॅकअप म्हणता येत नाही. कॅमेऱ्याची कार्डं फॉरमॅट करायची ती दोन्ही प्रती तपासून झाल्यावरच.

लाइटरूम अडकण्यावरचा एक उपाय फुकट आहे. इम्पोर्ट करताना 1:1 प्रिव्ह्यू आणि स्मार्ट प्रिव्ह्यू दोन्ही बनवायला लावा आणि जेवायला जा. निवड करताना 1:1 प्रिव्ह्यूमुळे फोटो झटकन उलटतात. Preferences मध्ये Performance खाली स्मार्ट प्रिव्ह्यूवर एडिट करण्याचा पर्याय आहे, तो चालू केला की स्लायडर हलके होतात, कारण मशीन मोठ्या रॉऐवजी २५६० पिक्सेलच्या छोट्या फाइलवर काम करतं. शार्पनिंग आणि नॉइज तपासताना मात्र तो बंद करा. तिथेच Camera Raw ची कॅश ५ जीबी असेल तर ती ३०पर्यंत वाढवा. यातलं बरंचसं तुमच्या आजच्या लॅपटॉपवरही उपयोगी पडेल.

ग्राफिक्स कार्ड माझ्या यादीत शेवटी आहे, पण शून्य नाही. लाइटरूम डेव्हलपमध्ये, एक्स्पोर्टला आणि एआयच्या मास्कना कार्ड वापरतं. सर्वांत जड काम म्हणजे एआय डिनॉइझ. मंगल कार्यालयातल्या मंद उजेडात उच्च आयएसओवर काढलेल्या शेकडो फ्रेमवर तुम्ही ते चालवत असाल, तर कार्डाने प्रत्येक फोटोमागे मिनिटाचे काही सेकंद होतात. त्यासाठी ८ जीबीचं मधलं कार्ड पुरतं. डिनॉइझ तुम्ही अल्बमच्या निवडक फोटोंवरच करत असाल, तर पहिल्या सीझनला कार्डाशिवायही निभावेल. मात्र मग प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असायला हवं. इंटेलच्या ज्या मॉडेलच्या नावाशेवटी F असतो त्यांत ते नसतं, बिल करण्याआधी बघून घ्या. प्रोसेसर आठ कोअरच्या आसपासचा मधल्या दर्जाचा पुरे. त्याच्या वरच्या मॉडेलला जाणारे पैसे मॉनिटरमध्ये जास्त कामी येतात.

तर दीड लाखातले चाळीस-पंचेचाळीस हजार मॉनिटर आणि कॅलिब्रेटरसाठी आधीच बाजूला ठेवा. मग मेमरी, एसएसडी आणि दोन हार्ड डिस्क. त्यानंतर प्रोसेसर, बोर्ड, चांगल्या कंपनीचा पॉवर सप्लाय आणि एक यूपीएस. कॅटलॉगमध्ये लिहिणं चालू असताना वीज गेली तर कॅटलॉग खराब होऊ शकतो, त्यामुळे यूपीएसला पर्याय नाही. यातून उरलं तर कार्ड. पैसे कमी पडले तर कार्ड कापा, कारण ते पुढे अर्ध्या तासात बसवता येतं. कॅबिनेट आणि पॉवर सप्लाय मात्र तेवढ्या हिशोबाने आजच घ्या.

मशीन आल्यावर लगेच सीझनचं काम सुरू करू नका. मॉनिटर कॅलिब्रेट करा आणि एक चाचणी प्रिंट काढा. ८×१२च्या शीटवर उजळ आणि सावळा असे दोन चेहरे, हळदीचा एक फोटो, काळ्या कोटाचा एक, आणि खाली काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत राखाडी पायऱ्यांची पट्टी ठेवा. एसआरजीबी जेपेग पाठवा आणि लॅबला स्पष्ट सांगा, 'करेक्शन करू नका.' प्रिंट आली की दिवसा खिडकीजवळ, पण उन्हात नाही, स्क्रीनशेजारी धरून बघा.

रंग बरोबर आणि सगळंच सारखं काळपट असेल तर मॉनिटर अजून उजळ आहे. ब्राइटनेस ९० करून पुन्हा कॅलिब्रेट करा. राखाडी पट्टी स्क्रीनवर नितळ आणि प्रिंटमध्ये लालसर किंवा हिरवट दिसली, तर तो लॅबच्या मशीनचा रंग आहे. त्यांच्याकडे त्यांच्या मशीनचं आणि कागदाचं रंगाचं प्रोफाइल मागा. मिळालं तर लाइटरूमच्या डेव्हलपमध्ये S दाबून सॉफ्ट प्रूफिंग चालू करा आणि ते प्रोफाइल निवडा, म्हणजे झेंडूचा केशरी किंवा रिसेप्शनच्या जांभळ्या एलईडीचा रंग कागदावर कुठे सपाट होणार ते आधीच दिसेल. प्रोफाइल द्यायला लॅब तयार नसेल तर तीच चाचणी शीट दुसऱ्या एका लॅबला पाठवा आणि दोन्ही प्रिंट शेजारी ठेवा. एका लॅबच्या बिघडलेल्या प्रिंटला जुळवण्यासाठी मॉनिटरचे रंग कधीही हाताने फिरवू नका. त्या लॅबने केमिकल बदललं की तुमचा जुळवलेला रंग पुन्हा चुकेल, आणि मध्ये केलेले सगळे फोटो फोनवर वेगळेच दिसतील.

टास्क मॅनेजरमधला Committed चा आकडा आणि फोनवरच्या परीक्षेत काय दिसलं ते इथे लिहा. ३२ घ्यायची की ६४, हे त्यावरून नक्की सांगता येईल.